संदर्भाची दुसरी ओळ डावीकडे का पळते?

ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीला जाणारे एक नेहमीचे पत्र घेऊ. वर जावक क्रमांक आणि दिनांक, मग ‘प्रति, मा. गटविकास अधिकारी’, त्याखाली विषय, संदर्भ, ‘महोदय’ आणि मजकूर. विषय आहे नळपाणी पुरवठा योजनेच्या पंपगृहाची दुरुस्ती आणि त्यासाठी निधी मिळणेबाबत. संदर्भ तीन आहेत, मजकुरात पाच मुद्दे आहेत. भाषा नेमकी आहे, आकडे तपासलेले आहेत. तरीही छापील प्रत हातात घेतली की पत्र विस्कटलेले दिसते. पहिल्या संदर्भाची दुसरी ओळ थेट ‘संदर्भ’ या शब्दाखाली येऊन बसली आहे. ‘२)’ हा ‘१)’ च्या बरोबर खाली नाही, किंचित उजवीकडे आहे. मुद्द्यांपैकी पहिले दोन आत सरकलेले, तिसरा समासाला चिकटलेला, चौथ्याचा ठिपका इतरांच्या रांगेत आहे पण मजकूर त्यापासून फार दूर सुरू होतो.

टाइप करणाऱ्याने हे मुद्दाम केलेले नसते. उलट पत्र नीट दिसावे म्हणून त्याने स्पेसबार दाबून दाबून सगळे जुळवलेले असते, आणि त्याच्या स्क्रीनवर ते जुळलेलेही असते. बिघाड त्या जुळवण्याच्या पद्धतीतच आहे. तो कुठून येतो हे एकदा कळले की दुरुस्ती काही मिनिटांत होते. पुढची सगळी चर्चा मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून केली आहे, कारण बहुतेक कार्यालयांत पत्रे त्यातच तयार होतात. लिबरऑफिस रायटरमध्ये एक फरक आहे, तो योग्य जागी सांगतो.

परिच्छेदाला दोन डाव्या कडा असतात

वर्डच्या लेखी परिच्छेद म्हणजे एका एंटरपासून दुसऱ्या एंटरपर्यंतचा मजकूर. मग तो एका शब्दाचा असो की दहा ओळींचा. प्रत्येक परिच्छेद स्वतःपुरत्या दोन गोष्टी लक्षात ठेवतो: आपली पहिली ओळ समासापासून किती अंतरावर सुरू करायची, आणि उरलेल्या सगळ्या ओळी किती अंतरावर. साध्या मजकुरात ही दोन्ही अंतरे सारखी असतात. पहिली ओळ आत आणि बाकीच्या बाहेर असल्या तर ती आपली नेहमीची परिच्छेदाची सुरुवात. पहिली ओळ बाहेर आणि बाकीच्या आत असल्या तर त्याला हँगिंग इंडेंट म्हणतात. बुलेट, अनुक्रमांक, ‘विषय :-’, ‘संदर्भ :-’ या सगळ्यांना हवा असतो तो हाच. खूण किंवा शब्द बाहेर राहतो आणि मजकुराच्या सगळ्या ओळी एकाच उभ्या रेषेत लागतात.

आता स्पेसबार काय करतो ते पाहा. तो या दोन अंतरांना हातही लावत नाही. तो ओळीत फक्त रिकामी अक्षरे भरतो. ‘संदर्भ :-’ नंतर चार स्पेस आणि ‘१)’ असे लिहिले, तर पहिल्या ओळीची सुरुवात हवी तिथे दिसते. पण मजकूर लांबून दुसरी ओळ आली की ती परिच्छेदाला जे अंतर ठाऊक आहे तिथे जाते, म्हणजे शून्यावर, थेट समासाला. मग दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा स्पेस मारले जातात. उद्या वरच्या ओळीत एक शब्द वाढला की ओळ दुसरीकडे तुटते आणि ते स्पेस वाक्याच्या मधोमध भोक पाडतात.

त्यात स्पेसची रुंदी ठरलेली नसते. मंगल, कोकिळा, सुरेख या फाँटमध्ये ती वेगवेगळी असते. पत्र ज्या फाँटमध्ये लिहिले तो पुढच्या कार्यालयातल्या संगणकावर नसला, तर वर्ड दुसरा फाँट वापरतो आणि जुळवलेले सगळे सरकते. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करण्यासाठी Justify केलेला असेल तर आणखी एक गोष्ट होते: ओळ उजव्या समासापर्यंत ताणण्यासाठी वर्ड त्या ओळीतले स्पेस रुंद करतो. प्रत्येक ओळीत हे ताणणे कमीजास्त असते. म्हणून ‘१)’ नंतर तीन स्पेस आणि ‘२)’ नंतरही तीनच स्पेस असूनही दोघांचा मजकूर एका रेषेत येत नाही. मोजून दिलेले स्पेस का चुकतात याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

आधी खुणा दिसू द्या

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी Home टॅबवर Paragraph या गटातले ¶ असे चिन्ह असलेले बटण दाबा, किंवा Ctrl+Shift+8. छापल्यावर दिसत नाही असे सगळे आता स्क्रीनवर दिसते. स्पेसच्या जागी बारीक मधला ठिपका, टॅबच्या जागी उजवीकडे जाणारा बाण, एंटरच्या जागी ¶, आणि Shift+Enter मारून तोडलेल्या ओळीच्या शेवटी डावीकडे वळलेला बाण.

आपल्या नमुना पत्रात आता काय दिसते? पहिल्या संदर्भात ‘संदर्भ :-’ नंतर चार ठिपके आणि दुसऱ्या ओळीच्या मध्येच अकरा ठिपक्यांची रांग. दुसऱ्या संदर्भाआधी दोन टॅब आणि एक स्पेस. तिसऱ्या संदर्भाआधी काहीच नाही, तरीही तो आत आहे. मुद्द्यांकडे पाहिले तर पहिले दोन खरे बुलेट आहेत, म्हणजे त्यांच्या ठिपक्यावर क्लिक केले की दोन्ही ठिपके एकदम राखाडी होतात. तिसऱ्यापुढे हाताने टाइप केलेली आडवी रेघ आहे. चौथा दुसऱ्या फाइलमधून उचलून आणलेला आहे आणि तिकडचे अंतर बरोबर घेऊन आला आहे. पाचवा मुळात स्वतंत्र परिच्छेदच नाही. चौथ्याच्या शेवटी Shift+Enter मारून तो खाली ढकललेला आहे, म्हणून त्याला ठिपका येतच नाही.

दुसऱ्या फाइलमधला मजकूर आपली सवय घेऊन येतो, कारण परिच्छेदाची अंतरे त्याच्या शेवटच्या ¶ मध्ये साठवलेली असतात. ¶ सकट कॉपी केले की अंतरे येतात. नको असतील तर पेस्ट करताना Keep Text Only हा पर्याय घ्यावा, म्हणजे नुसता मजकूर येतो आणि तो ज्या परिच्छेदात पडतो त्याची अंतरे घेतो.

तिसऱ्या संदर्भाचे कोडे राहिले: मागे ना स्पेस, ना टॅब, तरी तो आत कसा? परिच्छेदात मजकूर असताना त्याच्या सुरुवातीला कर्सर नेऊन टॅब दाबला, तर वर्ड बऱ्याचदा टॅबचे अक्षर न टाकता पहिल्या ओळीचे अंतर वाढवतो. पुन्हा दाबला तर पूर्ण परिच्छेद सरकवतो. म्हणजे एकाच पत्रात, एकाच किल्लीने, दोन वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात आणि कागदावर त्या जवळजवळ सारख्या दिसतात. ही सोय File, Options, Proofing, AutoCorrect Options या वाटेने AutoFormat As You Type या पानावर आहे. तिचे नाव Set left- and first-indent with tabs and backspaces. संदर्भाचा भाग हाताने बसवायचा असेल तर तिथली खूण काढून टाका. पुढची पायरी त्यावर अवलंबून आहे.

पाटी कोरी करणे

जुने स्पेस आणि टॅब तसेच ठेवून वरून अंतरे बसवली तर दुप्पट गोंधळ होतो. म्हणून विषयापासून शेवटच्या मुद्द्यापर्यंतचा भाग निवडा आणि ओळींच्या सुरुवातीचे व अधले-मधले जादा ठिपके, बाण खोडून टाका. पत्र एक-दोन पानांचे असेल तर हातानेच करावे, पाच मिनिटांचे काम आहे. अहवाल मोठा असेल तर Ctrl+H उघडून Shift+Enter च्या जागी खरा एंटर आणता येतो. Find what मध्ये पहिली ओळ आणि Replace with मध्ये दुसरी:

```
^l
^p
```

त्यानंतर `^p` आणि त्याला लागून एक स्पेस असे शोधून त्याजागी नुसते `^p` ठेवा. बदललेल्यांची संख्या शून्य येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा चालवा, म्हणजे परिच्छेदांच्या सुरुवातीचे स्पेस जातात. मात्र `^l` सगळीकडे बदलण्याआधी ‘प्रति’ खालचा पत्ता पाहून घ्या. तिथे Shift+Enter मुद्दाम वापरलेला असू शकतो, आणि तो तिथे योग्यच असतो.

आता तोच भाग निवडलेला असताना Ctrl+Q दाबा. परिच्छेदावर हाताने लादलेली अंतरे, संरेखन, टॅबचे थांबे सगळे निघून जाते आणि परिच्छेद आपल्या मूळ स्टाइलवर येतो. बुलेटवाले परिच्छेद यानंतरही आतच राहिले तर त्यांची स्टाइल List Paragraph झालेली असते. ते निवडून Ctrl+Shift+N दाबले की साधी Normal स्टाइल लागते. Ctrl+Q ने मध्यभागी घेतलेली ओळही डावीकडे येते, म्हणून पूर्ण पत्रावर तो चालवू नका.

रुलर: तीन खुणा, तीन कामे

रुलर दिसत नसेल तर View टॅबवर Ruler पुढे खूण करा. रुलरवरचे शून्य कागदाच्या कडेला नसते, डाव्या समासावर असते. डावीकडे एकावर एक तीन खुणा दिसतात. वरचा, खाली टोक असलेला त्रिकोण पहिली ओळ धरतो. खालचा, वर टोक असलेला त्रिकोण बाकीच्या ओळी धरतो. त्याच्याखालचा छोटा चौकोन दोघांना एकत्र सरकवतो, त्यांच्यातले अंतर तसेच ठेवून.

घोळ होतो तो खालचा त्रिकोण आणि चौकोन यांच्यात. दोन्ही इतके जवळ आहेत की त्रिकोण पकडायला जावे आणि चौकोन हातात यावा. मग हँगिंग तयार होण्याऐवजी पूर्ण परिच्छेद सरकतो. माउस क्षणभर थांबवला की खुणेचे नाव दिसते: Hanging Indent असे वाचले की मगच ओढा. Alt दाबून ओढले तर खूण टप्प्याटप्प्याने न जाता सलग सरकते आणि अंतराचा आकडाही दिसतो.

आणखी दोन अपघात रुलरवर नेहमी होतात. एक म्हणजे रुलरवर चुकून क्लिक होते आणि तिथे L सारखी छोटी खूण उमटते. तो टॅबचा थांबा आहे. नको असेल तर धरून रुलरच्या खाली ओढून सोडून द्या, तो जातो. दुसरा मोठा: राखाडी आणि पांढऱ्या पट्टीच्या सीमेवर पकड बसली तर परिच्छेद नाही, पानाचा समासच बदलतो. फक्त दोन ओळी निवडल्या होत्या आणि अख्खे पत्र सरकले, तर हेच झाले असे समजावे आणि लगेच Ctrl+Z करावे.

रुलर अंदाज घ्यायला उत्तम आहे. पण तीन संदर्भ, पाच मुद्दे आणि शेवटी चार प्रती हे सगळे डोळ्यांनी ओढून सारखे करायला जाऊ नये. एकदा रुलरवर कुठे काय बरे दिसते ते पाहावे आणि आकडे Paragraph च्या खिडकीत टाकावेत.

विषय आणि संदर्भ: आकड्यांनी

Home टॅबवर Paragraph गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबला की ती खिडकी उघडते. तिच्यात Indentation या भागात Left, Right, Special आणि By अशा चार चौकटी आहेत. Special मध्ये Hanging निवडले की Left म्हणजे पहिली ओळ जिथे सुरू होते ते अंतर, आणि By म्हणजे बाकीच्या ओळी तिथून आणखी किती आत. बाकीच्या ओळींची जागा ही Left आणि By यांची बेरीज. हे नीट लक्षात घ्या, कारण लिबरऑफिस रायटरमध्ये हिशेब उलटा आहे. तिथे Before text मध्ये बाकीच्या ओळींचे अंतर लिहायचे आणि First line मध्ये ऋण आकडा द्यायचा, म्हणजे पहिली ओळ तेवढी मागे येते. एकाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे टाकले तर बसत नाहीत.

आपल्या पत्रात विषय आणि संदर्भ समासापासून २.५ सेंटिमीटर आत सुरू व्हावेत असे ठरवू, बहुतेक शासकीय पत्रांत हा भाग थोडा आत असतो. ‘संदर्भ :-’ हा शब्द १४ पॉइंटमध्ये दोन सेंटिमीटरच्या आत मावतो. म्हणून विषयाचा मजकूर आणि संदर्भाचे अनुक्रमांक ४.५ वर सुरू करू. अनुक्रमांकाला पाऊण सेंटिमीटर पुरतो, म्हणजे संदर्भाचा मजकूर ५.२५ वर.

विषयासाठी: Left २.५, Special मध्ये Hanging, By २. संदर्भांसाठी: Left २.५, Hanging, By २.७५. चौकटीत आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. त्याच खिडकीच्या तळाशी Tabs हे बटण आहे. ते दाबून ४.५ हा थांबा लिहा, Set करा आणि OK. विषय आणि तिन्ही संदर्भ या सगळ्यांना हा थांबा द्यायचा आहे. तिन्ही संदर्भ एकत्र निवडून एकाच वेळी द्यावा, म्हणजे एखादा सुटत नाही. मग मजकूर असा टाइप करायचा, इथे → म्हणजे टॅब:

```
विषय :-→नळपाणी पुरवठा योजनेच्या...
संदर्भ :-→१)→ग्रामसभेचा ठराव...
→२)→या कार्यालयाचे पत्र...
→३)→आपले पत्र...
```

‘संदर्भ :-’ नंतरचा पहिला टॅब ४.५ च्या थांब्यावर जातो. ‘१)’ नंतरच्या टॅबला वेगळा थांबा द्यावा लागत नाही, कारण हँगिंगची जागा, म्हणजे ५.२५, हीच वर्ड टॅबचा थांबा मानतो. ‘२)’ आणि ‘३)’ यांच्या आधी ‘संदर्भ’ हा शब्द नाही, म्हणून त्या ओळी थेट टॅबने सुरू होतात आणि ४.५ वर येतात. मघाशी बंद केलेली सोय चालू राहिली असती तर इथे टॅबऐवजी परिच्छेदच सरकला असता. आता प्रत्येक संदर्भ कितीही लांबला, त्याच्या सगळ्या ओळी ५.२५ वरच येणार. मध्ये शब्द वाढवा, फाँट बदला, काही हलत नाही.

अनुक्रमांक हाताने टाइप करायला सांगतोय, यामागे कारण आहे. संदर्भांचा पहिला परिच्छेद ‘संदर्भ :-’ ने सुरू होतो. आपोआप येणारा अनुक्रमांक नेहमी परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला बसतो, शब्दानंतर नाही. शिवाय पोटमुद्द्यांना अ, ब, क असा आपला क्रम लावायचा म्हटले तर वर्डच्या तयार यादीत तो मिळत नाही. तेव्हा तीन-चार संदर्भांसाठी हाताचा अनुक्रमांक आणि टॅब हे चुकीचे नाही. चुकीचे आहे ते स्पेसने जुळवणे. काही कार्यालये या भागासाठी तीन रकान्यांचा, रेषा लपवलेला तक्ता वापरतात. तोही चांगला मार्ग आहे, फक्त तक्त्याच्या चौकटीत टॅब दाबला की कर्सर पुढच्या चौकटीत जातो हे ध्यानात असू द्या.

एक मर्यादा मात्र आहे. टॅबचे थांबे समासापासून मोजले जातात, परिच्छेदाच्या अंतरापासून नाही. उद्या साहेबांनी हा भाग एक सेंटिमीटर डावीकडे घ्यायला सांगितले आणि तुम्ही रुलरवरचा चौकोन ओढला, तर Left १.५ होईल, मजकूर ४.२५ वर येईल, पण थांबा ४.५ वरच राहील. मग ‘संदर्भ :-’ नंतरचा टॅब आधी ४.२५ वर, म्हणजे मजकुराच्या जागेवर, थांबेल आणि ‘१)’ तिथे जाऊन बसेल. त्याच्यापुढचा मजकूर आणखी उजवीकडे ढकलला जाईल. भाग हलवला की थांबाही तेवढाच हलवायचा, इथे ३.५ वर.

मुद्दे: इथे मालक यादी असते

मजकुरातल्या पाच मुद्द्यांना आपोआप येणारे बुलेट द्यावेत. पाचही स्वतंत्र परिच्छेद आहेत ना ते पाहा, एकत्र निवडा आणि बुलेटचे बटण एकदाच दाबा. एकेकाला वेगवेगळे दाबू नका. एकाच वेळी दिले की ते एकाच यादीचे होतात आणि वर्ड त्यांना सारखीच अंतरे देतो: ठिपका ०.६३ सेंटिमीटरवर, मजकूर १.२७ वर.

ही अंतरे बदलायची असतील तर Paragraph च्या खिडकीत जाऊ नये. आपोआप येणाऱ्या यादीची अंतरे परिच्छेदाची नसतात, यादीच्या त्या पातळीची असतात. परिच्छेदाच्या खिडकीतून किंवा रुलर ओढून बदलले तर बदल त्या निवडलेल्या परिच्छेदांपुरताच चिकटतो. उद्या त्याच यादीत बुलेट काढून पुन्हा लावला किंवा मुद्दा एक पातळी आत नेऊन परत आणला, की जुने आकडे परत येतात आणि पाचातला एकच वेगळा दिसायला लागतो. ‘काल नीट केले होते, आज पुन्हा तसेच’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

त्याऐवजी कोणत्याही एका ठिपक्यावर क्लिक करा. त्या पातळीचे सगळे ठिपके राखाडी झाले की उजवे क्लिक करून Adjust List Indents निवडा. Bullet position मध्ये ठिपक्याची जागा, Text indent मध्ये मजकुराची जागा. इथे दोन्ही आकडे समासापासूनचेच आहेत, बेरीज करावी लागत नाही. आपल्या पत्रात ठिपका १.२७ वर आणि मजकूर २ वर चांगला दिसेल. खाली Follow number with मध्ये Tab character ठेवा. तिथे Space असेल तर पहिल्या ओळीचा मजकूर ठिपक्याला चिकटून सुरू होतो आणि दुसरी ओळ मात्र २ वर जाते.

ठिपक्यांऐवजी अनुक्रमांक असतील तर दहाव्या मुद्द्यावर एक हमखास घोटाळा होतो. ‘९)’ पर्यंत सगळे रांगेत आणि ‘१०)’ चा मजकूर एकदम पुढे. दोन आकडी अनुक्रमांक ठळक किंवा मोठ्या अक्षरात असेल तर तो दिलेल्या ०.६४ सेंटिमीटरच्या फटीत मावत नाही. मजकुराची जागा ओलांडली गेली की टॅब पुढच्या थांब्याकडे धाव घेतो. वर्डचे ठरलेले थांबे दर १.२७ सेंटिमीटरवर असतात, म्हणून मजकूर १.२७ ऐवजी २.५४ वर जातो, आणि त्याच मुद्द्याची दुसरी ओळ मात्र १.२७ वरच येते. यावर उपाय मुद्दा क्रमांक १० वर नाही, पूर्ण यादीवर आहे: Adjust List Indents मध्ये Text indent वाढवून फट एक सेंटिमीटरची करा. नऊ मुद्दे थोडे मोकळे दिसतील, पण दहावा आणि पंधरावाही त्यांच्याच रेषेत येईल.

पहिले दोन मुद्दे खरे बुलेट आणि तिसऱ्यापुढे हाताची रेघ, असे मिश्रण मुळात का होते तेही सांगायला हवे. ओळीच्या सुरुवातीला * किंवा - टाइप करून स्पेस दिला की वर्ड त्याचा आपोआप बुलेट करतो. काहींना ते आवडत नाही, म्हणून ते Ctrl+Z करून परत हाताची रेघ ठेवतात. पुढच्या मुद्द्याला विसरतात. दोन्हीपैकी कोणती पद्धत ठेवायची ते पत्र सुरू करतानाच ठरवा. आपोआप नकोच असेल तर AutoFormat As You Type च्या त्याच पानावर Automatic bulleted lists ची खूण काढा.

खरोखर सारखे झाले का, हे कसे ओळखायचे

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. ०.६३ आणि ०.७ यांतला फरक स्क्रीनवर कळत नाही, कागदावर कळतो. पाचही मुद्दे किंवा तिन्ही संदर्भ एकत्र निवडा आणि Paragraph ची खिडकी उघडा. सगळ्यांची अंतरे सारखी असतील तर Left, Special, By मध्ये आकडे दिसतात. एकाचे जरी वेगळे असेल तर ती चौकट रिकामी असते. रिकामी चौकट म्हणजे यात कुणीतरी वेगळा आहे. कोण ते शोधायला Shift+F1 दाबा. उजवीकडे उघडणाऱ्या पट्टीत कर्सर असलेल्या परिच्छेदाची अंतरे लिहून येतात. एकेका परिच्छेदात क्लिक करत खाली गेले की वेगळा चटकन सापडतो.

सापडल्यावर त्याचे आकडे पुन्हा टाइप करत बसायची गरज नाही. नीट असलेल्या संदर्भात कर्सर ठेवून Ctrl+Alt+C आणि बिघडलेला पूर्ण परिच्छेद, शेवटच्या ¶ सकट, निवडून Ctrl+Alt+V. जुन्या वर्डमध्ये याच कामासाठी Ctrl+Shift+C आणि Ctrl+Shift+V आहेत. अंतरे आणि टॅबचे थांबे दोन्ही जातात. ¶ निवडीतून सुटले तर अक्षराचे रूप जाते, अंतरे जात नाहीत.

ज्या कार्यालयातून रोज पत्रे निघतात तिथे दुरुस्त झालेला संदर्भाचा परिच्छेद स्टाइल म्हणून साठवून ठेवावा. परिच्छेदात कर्सर ठेवून Home वरच्या स्टाइलच्या यादीतून Create a Style निवडा, नाव ‘संदर्भ’ द्या. तसाच ‘विषय’. मग हे कोरे पत्र Word Template म्हणून .dotx प्रकारात साठवा. त्यावर दोनदा क्लिक केले की दर वेळी नवे पत्र उघडते आणि मूळ नमुना तसाच राहतो. जुन्याच पत्रावर नवे पत्र टाइप करून Save As करण्याची सवय या गोंधळाचा मोठा स्रोत आहे, कारण प्रत्येक पिढीत आधीच्या पत्राचे एखादे विचित्र अंतर पुढे जात राहते.

सही करणाऱ्याच्या नावाचा भागही याच नियमाने बसवावा. ‘आपला विश्वासू’, त्याखाली जागा, मग नाव, पदनाम, ग्रामपंचायत हे सगळे उजवीकडे नेण्यासाठी जवळपास प्रत्येक पत्रात टॅबची रांग असते, आणि पदनाम लांब असेल तर तेवढी एक ओळ घसरतेच. त्या ओळी निवडा, टॅब काढा, Left ला ९ सेंटिमीटर द्या आणि Ctrl+E ने मध्यभागी घ्या. ९ पासून उजव्या समासापर्यंतच्या पट्टीत नाव आणि पदनाम एकाखाली एक मधोमध येतात. सरपंचांचे नाव बदलले तरी पुन्हा जुळवावे लागत नाही. शेवटची ‘प्रत :-’ ची यादी उरते. तिला ‘संदर्भ’ हीच स्टाइल लावली तर ती संदर्भासारखीच २.५ वर सुरू होईल. समासाला हवी असेल तर Left शून्य, Hanging २.७५ आणि टॅबचा थांबा २ अशी ‘प्रत’ नावाची वेगळी स्टाइल करून ठेवा.